सामाईक स्पर्शिका किती आणि केवढ्या: दोन्ही उत्तरं एकाच वर्गमुळात

प्रश्न: सर, दोन वर्तुळांच्या त्रिज्या ४ सेमी आणि २ सेमी, केंद्रांमधलं अंतर १० सेमी. सामाईक स्पर्शिका किती आणि त्यांची लांबी किती? सूत्रं दोन्ही पाठ आहेत, पण कुठं वजा घ्यायचं नि कुठं अधिक हे पेपरात हमखास उलटं होतंय. अंतर कमी केलं की चारच्या तीन, तीनच्या दोन होतात म्हणतात, ते कसं? तक्ता पाठ केला तरी राहत नाही. (पीयू पहिलं वर्ष, खानापूर तालुका)

उत्तर:

आकडे आधी घे. तुझ्या वर्तुळांना चार सामाईक स्पर्शिका आहेत. दोन बाहेरच्या, म्हणजे दोन्ही वर्तुळं ज्यांच्या एकाच बाजूला राहतात त्या; त्यांची लांबी √९६, सुमारे ९.८ सेमी. दोन मधल्या, म्हणजे एक वर्तुळ अलीकडे आणि दुसरं पलीकडे ठेवून तिरप्या जाणाऱ्या. त्यांची लांबी नेमकी ८ सेमी. इथे लांबी म्हणजे दोन स्पर्शबिंदूंमधलं अंतर. रेषा दोन्हीकडे कितीही लांब जाते, मोजायचा तो एवढाच तुकडा. हे पक्कं लक्षात असू दे, कारण पुढे एका ठिकाणी लांबी शून्य येणार आहे आणि रेषा मात्र जागच्या जागी असणार आहे.

तुझा तक्ता राहत नाही, कारण त्यात संख्या एका रकान्यात आणि लांबी दुसऱ्या रकान्यात असते, जणू त्यांचा एकमेकींशी संबंधच नाही. खरं तर तुला लागणारं सगळं एसएसएलसीला झालंय. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका निघतात, बिंदू परिघावर असेल तर एक, आत असेल तर एकही नाही. आणि बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शिकेची लांबी पायथागोरसने मिळते: कर्ण म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, एक बाजू त्रिज्या, उरलेली बाजू स्पर्शिका. दोन वर्तुळांचा प्रश्न एका वर्तुळाच्या या प्रश्नात बदलता आला की काम झालं.

तो बदलायचा असा. मोठ्या वर्तुळाचं केंद्र O, लहान वर्तुळाचं केंद्र P. बाहेरची एक सामाईक स्पर्शिका काढ. ती मोठ्याला A मध्ये आणि लहानाला B मध्ये शिवते. आता ही रेषा स्वतःला समांतर ठेवून P च्या दिशेने २ सेमी सरकव. लहान वर्तुळाची त्रिज्या २ च आहे, तेव्हा रेषा थेट P मधून जाऊ लागेल. मोठ्या वर्तुळाकडे काय झालं बघ. O हे रेषेच्या त्याच बाजूला आहे, म्हणून रेषा O च्याही २ सेमी जवळ आली. आधी ती O पासून ४ वर होती, आता २ वर आहे. म्हणजे ती O भोवतीच्या २ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाची स्पर्शिका झाली, आणि ती जाते P मधून. तुझ्या सूत्रातलं R − r आलं ते इथून.

मधल्या स्पर्शिकेचंही तेच कर. रेषा P च्या दिशेने २ सेमी सरकव. पण इथे O दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून P च्या जवळ जाताना रेषा O पासून लांब गेली. ४ वर होती ती ६ वर गेली. आता ती O भोवतीच्या ६ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाला शिवते. हे R + r. वजा कुठे आणि अधिक कुठे हे पाठ करायचं कारण उरत नाही. दोन्ही केंद्रं रेषेच्या एकाच बाजूला असली तर सरकवताना दोन्हीकडचं अंतर घटतं. दोन बाजूंना असली तर एकीकडे घटतं, दुसरीकडे वाढतं. पेपरात शंका आली तर समासात बारीकशी आकृती काढून केंद्रं कुठल्या बाजूला आहेत एवढंच बघ.

सरकवल्यावर लांबी बदलत नाही का? नाही बदलत. O मधून A कडे जाणाऱ्या रेषेवर, नव्या वर्तुळावरचा स्पर्शबिंदू T म्हण. AB आणि TP समांतर आहेत, TA आणि PB दोन्ही २ सेमी आहेत आणि दोन्ही AB ला लंब. म्हणजे आयत झाला, आणि AB = TP. तेव्हा AB मोजायच्या ऐवजी काटकोन त्रिकोण OTP मधली TP काढायची. केंद्रांमधलं अंतर OP म्हणजे d:

बाहेरची लांबी = √(d² − (R − r)²)
मधली लांबी = √(d² − (R + r)²)

तुझ्या आकड्यांनी बाहेरची √(१०० − ४), मधली √(१०० − ३६). मधल्या स्पर्शिकेचा त्रिकोण तर चक्क ६-८-१० चा आहे.

आता चारच्या तीन कशा होतात ते. कागदावर O भोवती दोन तुटक वर्तुळं काढ, एक २ सेमी त्रिज्येचं आणि एक ६ सेमी त्रिज्येचं. खरं लहान वर्तुळ थोडा वेळ विसर, फक्त P हा बिंदू बघ. तो O च्या दिशेने चालत येतोय. P १० वर आहे तोवर दोन्ही तुटक वर्तुळांच्या बाहेर आहे: लहान तुटकाला दोन स्पर्शिका, मोठ्या तुटकाला दोन, एकूण चार. P नेमका ६ वर आला की मोठ्या तुटक वर्तुळाच्या परिघावर बसला. तिथून त्याला एकच स्पर्शिका निघते, लहान तुटकाच्या दोन आहेतच, झाल्या तीन. ६ आणि २ च्या मध्ये असताना P मोठ्या तुटकाच्या आत आहे, तिथल्या संपल्या. लहानाच्या दोन उरल्या. २ वर आला की एक. २ च्याही आत गेला की एकही नाही. तुझा पाच ओळींचा तक्ता हाच: खरी वर्तुळं बाहेरून शिवतात ती जागा ६, आतून शिवतात ती जागा २.

आणि वर्गमूळही हेच बोलतंय. वर्गमुळाच्या आत धन संख्या असेल तर त्या जातीच्या स्पर्शिका दोन, शून्य असेल तर एक, ऋण असेल तर नाहीत. d = ५ घेऊन बघ: मधलीच्या वर्गमुळात २५ − ३६, ऋण, म्हणजे मधल्या नाहीत. बाहेरचीत २५ − ४ = २१, म्हणजे दोन आहेत, प्रत्येकी ४.५८ सेमी. लांबी काढायला बसलास की संख्या आपोआप कळते.

शून्याच्या जागी मुलं अडतात. d = ६ ला मधल्या स्पर्शिकेची लांबी शून्य येते आणि मुलं लिहून मोकळी होतात, की मधली स्पर्शिका नाही. आहे की! वर्तुळं जिथे एकमेकांना शिवतात त्या बिंदूतून OP ला लंब काढ, तीच ती रेषा. तिचा मोठ्या वर्तुळावरचा स्पर्शबिंदू आणि लहान वर्तुळावरचा स्पर्शबिंदू एकच झाले, म्हणून त्यांच्यातलं अंतर शून्य. लांबी शून्य असणं वेगळं आणि वर्गमुळात ऋण संख्या येणं वेगळं.

दोन रेषांची एक कशी होते, हेही डोळ्यांसमोर आण. मधल्या दोन स्पर्शिका OP वर एका बिंदूत एकमेकींना छेदतात. तो बिंदू OP ला त्रिज्यांच्या प्रमाणात, म्हणजे ४ : २ असा विभागतो. d = १० असताना तो O पासून ६.६७ सेमीवर असतो आणि तिथे रेषांमधला कोन सुमारे ७४ अंश असतो. अंतर कमी करशील तसा हा कोन कात्री उघडावी तसा उघडत जातो. ६.०३ ला तो १६८ अंशांच्या वर जातो आणि ६ ला १८०, म्हणजे कात्रीची दोन्ही पाती एका रेषेत. छेदनबिंदू तेव्हा O पासून ४ वर, बरोबर परिघावर, येऊन बसलेला असतो. बाहेरच्या दोघींचंही असंच. त्या लहान वर्तुळाच्या पलीकडे भेटतात, तुझ्या त्रिज्यांना O पासून 2d अंतरावर; आत्ता २० सेमीवर, आणि d = २ झालं की ४ वर, म्हणजे पुन्हा परिघावरच.

आता लांबीकडे जरा बारकाईने बघ, कारण वहीत गडबड होते ती इथे. d १० वरून ८ वर आणलं तर बाहेरची ९.८० वरून ७.७५ होते, मधली ८ वरून ५.२९. दोन्ही साधारण सारख्याच कमी होताना दिसतात. पण ७ वरून ६ वर येताना बाहेरची ६.७१ वरून ५.६६ एवढीच उतरते, आणि मधली ३.६१ वरून थेट शून्यावर. शेवटच्या सेंटिमीटरमध्ये ती कोसळते. d = ६.१ ला सुद्धा ती १.१ सेमी शिल्लक असते, आणि पुढच्या एका मिलिमीटरमध्ये तेवढी सगळी संपते.

याचा वहीवर होणारा परिणाम असा. गणितात सांगितलंय की वर्तुळं बाहेरून शिवतात, d = ६. तू पट्टीवर ६ घेतलेस, पण पेन्सिल बोथट होती आणि केंद्रं ०.३ मिलिमीटर लांब पडली. आकृतीत d झालं ६.०३. मग मधल्या स्पर्शिकेची लांबी √(३६.३६०९ − ३६), म्हणजे √०.३६०९, म्हणजे ०.६ सेमी. पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक, आणि शून्याच्या जागी ६ मिलिमीटरचा तुकडा! तेवढ्याच चुकीने बाहेरची लांबी ५.६६ ची ५.६९ होते, जी पट्टीवर दिसतही नाही. म्हणून शिवणाऱ्या वर्तुळांच्या आकृतीवरून मधल्या स्पर्शिकेची लांबी मोजून निष्कर्ष काढू नये. तिथे R + r आणि d यांची तुलना आकड्यांनीच करायची. उलट, पडताळा घ्यायला बाहेरची लांबी चांगली. शिवणाऱ्या वर्तुळांसाठी ती 2√(Rr) येते, तुझ्या त्रिज्यांना २√८ = ५.६६.

पडताळ्यावरून आठवलं. दोन्ही लांबींच्या वर्गांची वजाबाकी केलीस तर d² कटतं आणि उरतं 4Rr. तुझ्या गणितात ९६ − ६४ = ३२, आणि ४ × ४ × २ = ३२. अंतर काहीही असो, हा ३२ हलत नाही. पेपरात दोन्ही लांबी काढल्यास एवढी एक वजाबाकी करून बघ. अधिक-वजा उलटं झालं असेल तर मधली बाहेरचीपेक्षा मोठी येते आणि वजाबाकी −३२ दिसते, लगेच कळतं.

सारख्या त्रिज्यांचं वेगळं सांगायला हवं. R = r असेल तर लहान तुटक वर्तुळाची त्रिज्या शून्य, म्हणजे ते O या बिंदूत मिटलं. मग P जोवर O वर नाही तोवर तो त्याच्या बाहेरच. बाहेरच्या दोन स्पर्शिका नेहमी राहतात, त्यांची लांबी d एवढीच असते, आणि त्या समांतर असल्याने कुठेच भेटत नाहीत. तिथे संख्या चार, तीन, दोन अशी येते. एक आणि शून्य येतच नाहीत. d = ० झालं तर दोन्ही वर्तुळं एकच, आणि स्पर्शिका अगणित. 'समान त्रिज्येची वर्तुळं आतून शिवतात' असं कुणी प्रश्नात लिहिलं तर तो प्रश्नच चुकीचा.

पूर्वी एसएसएलसीला या स्पर्शिकांची रचना असायची. तुझ्या घरातल्या कुणी मोठ्यांनी बाहेरचीची डीसीटी आणि मधलीची टीसीटी म्हणून केली असेल. ती एकदा हाताने करच, कारण वरचा सगळा युक्तिवाद कंपासने केलेला म्हणजे ती रचना. OP = १० सेमी काढ. O वर ४ ची, P वर २ ची वर्तुळं. बाहेरच्यासाठी O वर २ सेमीचं तुटक वर्तुळ काढ. OP चा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू घे आणि त्यावरून OP हा व्यास असलेलं वर्तुळ काढ. ते तुटक वर्तुळाला जिथे छेदतं तो T, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. OT वाढवून मोठ्या वर्तुळावर A घे. मग कंपासमध्ये TP एवढं अंतर घे, टोक A वर ठेव आणि लहान वर्तुळावर कंस मार. तो B. AB जोड.

फसायला होतं ते या शेवटच्या कंसात. A वरून मारलेला तो कंस लहान वर्तुळाला एका नाही, दोन ठिकाणी छेदतो. A मधून लहान वर्तुळाला दोन स्पर्शिका निघतात आणि दोन्हींची लांबी सारखीच असते, म्हणून दोन्ही बिंदू मोजमापाला बरोबरच ठरतात. चुकीचा बिंदू घेतलास तर रेषा लहान वर्तुळाला छान शिवते, लांबीही ९.८ येते, आणि मोठ्या वर्तुळात मात्र A पाशी घुसते. लांबी जुळली म्हणून मुलं खूष होतात आणि गुण जातात. बाहेरच्या स्पर्शिकेला B हा OP च्या त्याच बाजूला हवा जिकडे A आहे. मधलीला उलट, पलीकडच्या बाजूला. खात्री करायची तर A पाशी गुण्या लाव: OA आणि AB काटकोनात असायलाच हवेत. मधल्या स्पर्शिकेची रचना तशीच, फक्त तुटक वर्तुळ ६ चं, आणि A मिळवायला OT वाढवावी लागत नाही. A हा O आणि T च्या मध्येच, मोठ्या वर्तुळावर सापडतो. इथे सवयीने OT पुढे वाढवत बसू नकोस.

हेच गणित आपल्याकडे उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये रोज चालतं, नाव तेवढं वेगळं. दोन पुलींवर चढवलेल्या सरळ बेल्टचा मोकळा भाग म्हणजे बाहेरची स्पर्शिका. बेल्ट आठच्या आकड्यासारखा उलटा घातला, ज्याला क्रॉस बेल्ट म्हणतात, तर मोकळा भाग म्हणजे मधली स्पर्शिका, आणि पुली उलट्या दिशांना फिरतात. समज, पिठाच्या गिरणीची पुली १८ इंच व्यासाची, मोटारची ६ इंचाची, आणि दोन शाफ्टांमध्ये ३७ इंच अंतर. त्रिज्या ९ आणि ३. सरळ बेल्टचा मोकळा तुकडा √(१३६९ − ३६) = ३६.५१ इंच, क्रॉसचा √(१३६९ − १४४) = नेमका ३५ इंच. मोकळा तुकडा क्रॉसमध्ये आखूड आहे, पण बेल्ट एकूण लांब लागतो, कारण तो दोन्ही पुलींना जास्त वेढून जातो. कंस धरून हिशेब केला तर सरळ बेल्ट सुमारे ११२.६७ इंच, क्रॉस ११५.६३ इंच. हा हिशेब सपाट पट्ट्याचा, त्याची जाडी सोडून. गिरणीवर आता बहुतेक व्ही बेल्टच असतात, ते क्रॉस घालता येत नाहीत, आणि त्यांचा व्यास पुलीच्या बाहेरच्या कडेवरून धरून चालत नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. क्रॉस बेल्टमध्ये सगळीकडे फक्त R + r येतं: मोकळ्या तुकड्यात तेच, वेढ्याच्या कोनात तेच, कंसांच्या लांबीतही तेच. म्हणून ९ आणि ३ च्या जागी ७ आणि ५ इंच त्रिज्यांच्या पुली लावल्या तरी बेरीज १२ च राहते आणि तोच बेल्ट जसाच्या तसा बसतो. सरळ बेल्टमध्ये R − r ६ वरून २ वर येतो आणि लागणारी लांबी १११.८१ इंच होते. जुना बेल्ट पाऊण इंचाहून जास्त ढिला पडणार. पायऱ्यांची पुली असलेल्या यंत्रावर सरळ बेल्टसाठी पायऱ्यांचे व्यास नुसते बेरीज सारखी ठेवून का ठरवता येत नाहीत, त्याचं कारण हे.

राहिलं तुझ्या पीयूचं आणि सीईटीच्या सरावाचं. तिथे वर्तुळं समीकरणात येतात. तुझीच जोडी तिथे अशी दिसेल:

x² + y² = 16
x² + y² − 20x + 96 = 0

दुसऱ्याचं केंद्र काढताना x चा गुणक अर्धा करून चिन्ह बदलायचं, म्हणजे (१०, ०). त्रिज्या √(१०० − ९६) = २. दोन चुका नेहमीच्या: केंद्र (२०, ०) धरणं, आणि पहिल्याची त्रिज्या १६ घेणं. दोन्ही एकदम केल्या आणि लहान त्रिज्या मात्र बरोबर २ घेतली, तर R + r = १८ येतं, d = २०, आणि उत्तर 'चार' असंच निघतं, पण लांबी चुकीची. म्हणून पर्याय जुळला एवढ्यावर थांबू नये.

पुढे एक खास सापळा आहे. वर्तुळं शिवत असतील तर शिवण्याच्या बिंदूतली सामाईक स्पर्शिका मिळवायला दोन समीकरणांची वजाबाकी पुरते. केंद्र (६, ०) असलेलं लहान वर्तुळ घे: x² + y² − 12x + 32 = 0. पहिल्यातून वजा केलं की 12x = 48, म्हणजे x = 4, आणि हीच ती तिसरी स्पर्शिका. आतून शिवणारं, केंद्र (२, ०) असलेलं घे: x² + y² − 4x = 0. वजा केलं की पुन्हा x = 4. मुलांना हे इतकं सोपं वाटतं, की ती वर्तुळं शिवत नसतानाही तेच करतात. तुझ्या मूळ जोडीत वजाबाकी केली तर 20x = 112, म्हणजे x = 5.6. ही रेषा O पासून ५.६ वर आहे आणि मोठी त्रिज्या ४, तेव्हा ती त्याला शिवूच शकत नाही. ती रॅडिकल ॲक्सिस आहे: तिच्यावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही वर्तुळांना काढलेल्या स्पर्शिका सारख्या लांबीच्या. म्हणूनच ती चारही सामाईक स्पर्शिकांना बरोबर मध्यावर छेदते. तुझ्या आकृतीत बाहेरच्या स्पर्शिकेचा A हा x = ०.८ वर आणि B हा १०.४ वर येतो. मधलीचा A २.४ वर आणि B ८.८ वर. दोन्ही जोड्यांचा मध्य काढून बघ, ५.६ च येईल. वजाबाकीतून आलेली रेषा स्पर्शिका म्हणून लिहिण्याआधी d हे R + r किंवा R − r एवढं आहे का, ते तपास. नसेल तर हातात आली ती ही मध्यावरची रेषा, स्पर्शिका नव्हे.